सिदिका अब्लाचा पाहुणा

आमच्या गल्लीत मीटर वाचायला येणारा माणूस सिदिका अब्लाचं घर नेहमी शेवटी ठेवायचा. आधी गेला तर बाकीची घरं राहतात, हे तो अनुभवातून शिकला होता. आकडा लिहून घ्यायचा एक मिनिटात, आणि बाहेर पडायचा दीड तासानं, पोटावरून हात फिरवत, खिशात वाळवलेल्या तुती घेऊन. पोस्टमन, भंगारवाला, चुकून दुसऱ्याच्या घरी आलेला सुतार, कोणीही तिच्या दारावरून कोरड्या तोंडानं गेला नाही. ती स्वतः कालची पोळी चहात बुडवून खायची. ताजी पोळी पाहुण्याची.

मी दुर्दाने, तिची शेजारीण. अब्ला म्हणजे थोरली बहीण; गल्लीत सगळे तिला तसंच म्हणतात. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे, मातीची. तिकडे चमचा पडला तर इकडे ऐकू येतो. एकोणीस वर्षं जर्मनीत डबे भरायच्या कारखान्यात उभी राहून गुडघे घालवले आणि पेन्शन घेऊन परत तुर्कस्तानात, या दिवरियी गावात आले, त्याला आता अठरा वर्षं झाली. माझी जीभ तिखट आहे, असं लोक म्हणतात. खरंच आहे. गोड जिभेचं काय होतं ते सिदिका अब्लाच्या बाबतीत पाहिलंय मी.

लोकांना वाटायचं, ही जन्मजातच अशी. नाही. ती अशी का झाली, ते चौदा हिवाळ्यांपूर्वीचं.

तिची धाकटी बहीण नेफिसे त्या रात्री दारात आली होती. बरोबर तिची मुलगी आयतेन, ओठ फुटलेला, अंगावर घरातलाच झगा. नवऱ्याच्या घरातून पळून आली होती पोरगी. सिदिका अब्लाचा नवरा रासिम तेव्हा जिवंत होता आणि आयतेनच्या सासऱ्याशी त्याचं रोजचं उठणं-बसणं. त्यानं आतूनच सांगितलं, "या घरात नाही." आणि सिदिका अब्लानं उंबऱ्यात उभं राहून बहिणीला सांगितलं, "आत पाहुणे आहेत गं. जागा नाही."

आत कोणी नव्हतं. भिंतीपलीकडून मला ठाऊक होतं, नेफिसेलाही ठाऊक होतं. कारण बाहेर पाहुण्यांचा एकही बूट नव्हता. ती म्हणाली, "बहीण म्हणून घेऊ नकोस, सिदिका. देवाची पाहुणी समजून घे." न सांगता, न बोलावता दारात येतो त्याला आमच्याकडे देवाचा पाहुणा म्हणतात. तो शत्रू असला तरी परत पाठवत नाहीत. का आलास, हेही विचारत नाहीत. सिदिका अब्लानं दार लावलं. मायलेकी बर्फातून खाली उतरल्या, बसथांब्यावर रात्र काढली आणि सकाळी सिवास शहरात गेल्या त्या कायमच्या.

माझं दार मी उघडायला हवं होतं, हे मला माहीत आहे. मीही उघडलं नाही. पण ही माझी गोष्ट नाही. निदान मला तसं वाटत होतं.

रासिम सहा वर्षांनी मेला. सिदिका अब्लानं बहिणीला निरोप पाठवले, तुती पाठवल्या, विणलेले मोजे पाठवले. सगळं परत आलं. तेव्हापासून तिच्या दारावरून कोणी जाऊ शकला नाही.

मग गेल्या ऑक्टोबरात, एका मंगळवारी सकाळी सात वाजता, फोन वाजला. भिंतीतून मला आधी फोन ऐकू आला, मग तिचं रडणं. मी तशीच धावले.

"आयतेनचा होता," ती म्हणाली. "नेफिसे जातेय, दुर्दाने. डॉक्टर म्हणाले, आज किंवा उद्या. काल रात्री तिनंच सांगितलं, सिदिकाला बोलवा."

"मग फोनवर बोल ना तिच्याशी!"

"तोंडावर हवेचा मुखवटा लावलाय. बोलता येत नाही आता. हात दाबते, म्हणतेय आयतेन. विचारलं की हात दाबून हो म्हणते." तिनं स्वतःचाच हात दाबून दाखवला. "तेवढं पुरेल मला. हलाल म्हणून एकदा हात दाबला की झालं."

मरण्याआधी आमची माणसं एकमेकांकडून हक्क सोडवून घेतात. तुझं माझ्यावर जे काही असेल, खाल्लेलं मीठ, दिलेलं दुःख, ते हलाल कर, म्हणजे मला माफ कर, असं म्हणायचं. समोरचा म्हणतो, हलाल असो. ते न घेता कोणी गेलं, तर ते ओझं पुढच्या जगात तसंच पाठीवर. नमाज, रोजे, सगळं अल्ला बघून घेईल, पण माणसाचा हक्क माणसानंच सोडायचा असतो. तिथे अल्लाही मध्ये पडत नाही.

सिवासची मिनीबस दुपारी बाराला. त्यानंतर थेट दुसऱ्या दिवशी सकाळी सातला. बाराची पकडली तर अडीचला ती बहिणीच्या उशाशी. तिनं आंघोळ केली, चांगला कोट घातला, बोचकं बांधलं. सव्वादहाला कुंड्यांना पाणी घालायला मला किल्ली द्यायला ती दारात उभी होती. पायात बूट, शेजारी बोचकं. पावणेदोन तास आधीच निघाली होती, बस चुकू नये म्हणून.

आणि त्याच वेळी एक जर्मन गल्लीतून वर आला.

चाळिशीचा असेल. लाल झालेलं तोंड, पाठीवर पिशवी, हातात कॅमेरा. किल्ल्यावरून उतरताना वाट चुकला होता. आमच्या दाराच्या जुन्या कोरीवकामाचा फोटो काढला, आम्हांला पाहून ओशाळला आणि आमच्या भाषेत, पाठ केल्यासारखं, "मेर्हाबा" म्हणाला. पुढचं सगळं जर्मनमध्ये.

"हॉश गेल्दिन, भले आलात," सिदिका अब्ला म्हणाली. आणि लगेच, श्वास घेतल्यासारखं, "या ना आत, चहा घ्या."

हे आम्ही सगळेच म्हणतो. जेवत असलो तर जेवायला या म्हणतो, झोपायला निघालो तरी चहा घ्या म्हणतो. ऐकणारा काय करतो? पायातले बूट बघतो, बोचकं बघतो, आणि छातीवर हात ठेवून म्हणतो, नको, परत कधीतरी येईन. मग आपण म्हणायचं, छे छे, तसं कसं. तो म्हणतो, खरंच नको. दोघांचीही अब्रू राहते, दोघंही आपल्या कामाला जातात. तिसऱ्यांदा आग्रह झाला तर तो खरा समजायचा. आमचं शेंबडं पोरही हे जाणतं.

चहा एवढा शब्द त्याला कळत असावा. त्यानं मात्र पहिल्याच आग्रहाला चेहरा उजळून "हो" म्हटलं आणि पिशवी उतरवली.

सिदिका अब्लानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग वाकली, बुटांचे बंद सोडले आणि बोचकं दाराआड सरकवलं, त्याच्या नजरेला पडू नये असं.

"अब्ला, वेडी आहेस का!" मी पुटपुटले.

"तू जर्मन बोलतेस ना? ये आत. पाहुण्याला मुक्यासारखं बसवायचं का?"

पाहुण्यांची खोली उघडली गेली. कोटावरून ऍप्रन चढवला. त्याला नव्याकोऱ्या सपाता दिल्या, तळव्यांवर लिंबाचं कोलोन ओतलं. त्याचे चिखलाचे बूट तिनं स्वतःच्या हातानं पुसून तोंड बाहेर करून लावून ठेवले, निघताना वाकून फिरवायला लागू नयेत म्हणून. मग स्वयंपाकघरात दुहेरी किटली चढवली. खाली पाणी, वर पत्ती. ती नीट उतरायला वीस मिनिटं लागतात, आणि कच्चा चहा पाहुण्याला देणं म्हणजे त्याला ऊठ म्हणण्यासारखंच.

मी मागोमाग गेले. "मी सांगते त्याला. एक वाक्य. तुला कळणारही नाही जर्मनमध्ये काय बोलले ते."

"त्याचा चेहरा मला कळेल."

"मग तू जा. मी बसते त्याच्याशी. चहा मीच देते."

"पाहुणा माझ्या घरात आला आणि मी त्याला टाकून बाहेर पडू? त्यापेक्षा धक्का मारून काढलेलं बरं." तिनं चीज कापायला घेतलं होतं. सुरी थांबवून म्हणाली, "या उंबऱ्यावर एकदा जागा नाही म्हणालेय मी, दुर्दाने. दुसऱ्यांदा म्हणायला लावू नकोस. एक पेला पिईल, जाईल. अजून दीड तास आहे."

मी पेल्यांचा ट्रे उचलला. आजही तो प्रसंग डोळ्यांपुढे आला की हात चोळत बसते.

पहिला पेला अकराला दहा कमी असताना आला. चहाबरोबर चीज, ऑलिव्ह, चेरीचा मुरंबा, लोण्यात भाजलेल्या घड्या घातलेल्या पोळ्या. त्याचं नाव हेनिंग. शाळेत भूगोल शिकवायचा. त्यानं कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं की तुर्की घरात काही नको म्हणणं हा मोठा अपमान. त्यामुळे तो भला माणूस काहीच नको म्हणत नव्हता. पोळी संपली की ती दुसरी वाढायची, आणि दुसरी वाढली की तो खायचा. पेला रिकामा झाला की ती भरायची. रिकामा पेला समोर दिसला की भरणं हे यजमानाचं काम. पुरे झालं तर पाहुणा चमचा पेल्याच्या तोंडावर आडवा ठेवतो. बोलावं लागत नाही, कोणी कोणाला नको म्हणत नाही. मी माझा चमचा आडवा ठेवला, ठण्ण आवाज करून ठेवला. तो माझ्याकडे बघून हसला आणि चौथा पेला उचलला.

"ही सारखं मिसाफिर, मिसाफिर म्हणतेय. म्हणजे काय?" त्यानं मला विचारलं.

"पाहुणा," मी जर्मनमध्ये सांगितलं. त्यानं वहीत लिहून घेतलं.

हाच शब्द तिथे आमच्यासाठी होता. एकोणीस वर्षं तिथले लोक आम्हांला पाहुणे कामगार म्हणत होते. एकोणीस वर्षांत एकदाच एका बाईनं घरी बोलावलं, चिठ्ठीवर वेळ लिहून: तीन ते पाच. पाचला पाच मिनिटं कमी असताना तिनं माझा कोट आणून दिला. ही गोष्ट मी कोणाला कधी सांगितली नव्हती. हेनिंगला सांगितली. तो खाली मान घालून ऐकत राहिला. मग कारखान्याची सांगितली, वसतिगृहाची सांगितली. आयुष्यात पहिल्यांदा एक जर्मन माणूस माझ्यासमोर बसून माझं ऐकत होता, आणि मला ते गोड लागत होतं. खोटं कशाला बोलू? घड्याळ माझ्या समोर होतं आणि मी बोलत होते.

बाराला वीस मिनिटं असताना तो स्वतःहूनच उठला. वही मिटली, हात छातीवर ठेवला. "मी बराच वेळ घेतला. आता निघायला हवं, बहुतेक."

सिदिका अब्लाच्या चेहऱ्यावर रक्त परत आलेलं मी पाहिलं. गल्लीतून थांब्यावर जायला दहा मिनिटं. बस मिळत होती. आणि तिच्या तोंडून, आमच्या सगळ्यांच्या तोंडून निघतं तेच निघालं:

"एवढ्यात? कुठे निघालात? बसा ना, छान बसलो होतो की!"

हेसुद्धा म्हणायचंच असतं. पाहुणा जातो म्हणाला आणि घरच्यांनी "बरं" म्हटलं, तर तो समजतो की ही माणसं कंटाळलीच होती. म्हणून बसा म्हणायचं, त्यानं परवानगी मागायची, पुन्हा बसा म्हणायचं, आणि तोवर त्यानं बूट घातलेले असायचे. हे सगळं दारापर्यंत चालत चालत होतं. हे ऐकून कोणी खाली बसत नाही.

हेनिंगनं माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतायत त्या?"

मी काहीही सांगू शकले असते. पुन्हा या म्हणतेय. देव तुझं भलं करो म्हणतेय. सिदिका अब्लाला एक अक्षर कळलं नसतं, आणि चेहऱ्यावर दिसलं असतं ते नुसतं हसू. मी शब्दाला शब्द लावून सांगितलं, "इतक्यात कुठे निघालात, बसा, छान गप्पा चालल्यायत."

तो परत बसला.

का सांगितलं तसं? दुभाष्यानं खरं सांगावं म्हणून? पाच वाजता माझा कोट आणून देणाऱ्या बाईला मी आमची रीत दाखवून देत होते. बघ, म्हणत होते, आमच्याकडे पाहुण्याला घड्याळ नसतं. त्या माजात मी माझ्या शेजारणीची बहीण विकून खाल्ली.

बाराला खालच्या रस्त्यानं मिनीबस गेली. वळणावर तिचा भोंगा वाजला. सिदिका अब्ला सहावा पेला भरत होती. एक थेंब बशीत पडला नाही.

"त्याला विचार," ती म्हणाली, "जेवेल का? काल रात्रीचं बोकडाचं मटण आहे, बल्गरचा दलिया घालते त्यात. उपाशी पाठवायचा का?"

तो जेवला. घराचे फोटो काढले, तिचा फोटो काढला. त्यात ती हसतेय. तीनला पाच कमी असताना तो खरोखर निघाला, कारण मुक्कामाला पोचायचं होतं. तिनं त्याच्या पिशवीत तुती कोंबल्या. दारात उभी राहून, तो वळणापलीकडे जाईपर्यंत हात हलवत राहिली, आणि त्याच्यामागे तांब्याभर पाणी रस्त्यावर ओतलं, पाण्यासारखा सुखरूप जा आणि पाण्यासारखा परत ये म्हणून.

मग तांब्या खाली टाकला आणि उंबऱ्यावर मटकन बसली.

"दुर्दाने, मला घेऊन चल. कसंही कर. मला घेऊन चल."

मी या गुडघ्यांनी चौकापर्यंत पळाले. भट्टीवाल्या वेयसेलच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. त्याची पावाची गाडी निघेपर्यंत चार वाजून गेले. आम्ही नदीवरच्या पुलापाशी होतो तेव्हा फोन वाजला. साडेतीनला गेली, आयतेन म्हणाली. आणि म्हणाली, "मावशी, अडीचपासून दाराकडे बघत होती गं."

वेयसेलनं गाडी थांबवली. सिदिका अब्ला म्हणाली, "थांबलास का? चालव."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर जनाजा झाला. पुरुष पुढे रांगा करून, आम्ही बायका मागे झाडाखाली. इमामानं विचारलं, "या मृत बहिणीवर तुमचे जे हक्क असतील ते हलाल करता का?" लोक म्हणाले, "हलाल असो." तो तीनदा विचारतो. तिन्ही वेळा सिदिका अब्ला सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडली, "हलाल असो! हलाल असो!" पुढचे पुरुष वळून बघायला लागले.

तिसऱ्यांदा म्हणून झाल्यावर ती माझ्याकडे वळली आणि अगदी साध्या आवाजात तिनं विचारलं, "आणि तिला कोण विचारणार गं? तिचा माझ्यावरचा?"

इमाम जिवंतांना विचारतो. मेलेल्याला कोणी विचारत नाही. हे मला इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं.

आम्ही परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी हेनिंग आला. हातात चॉकलेटची पेटी आणि छापून आणलेला फोटो, चौकटीत घालून. सिदिका अब्लाच्या दारात बुटांचा ढीग. शेजारणी जेवण घेऊन आल्या होत्या, कारण सुतकाच्या घरात तीन दिवस चूल पेटत नाही. तो गोंधळला आणि माझ्या दाराशी आला.

"लग्नबिग्न आहे का?" त्यानं हसून विचारलं.

त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. उंबऱ्यावर उभी राहूनच मी त्याला सगळं सांगितलं. बोचकं, बूट, बाराची बस, मुखवटा, हात दाबणं. आडवा चमचा. बसा म्हटलं की बसायचं नसतं. नेफिसेला लावलेलं दार. हलाल म्हणजे काय, तेही. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"पण का नाही सांगितलं त्यांनी? माझी गाडी होती!" तो जवळजवळ ओरडला. "खाली पुलाजवळ लावली होती. मी स्वतः सिवासला निघालो होतो! दोन तासांत पोचवलं असतं मी त्यांना!"

आता तोंडचं पाणी पळायची पाळी माझी. त्याच्या पाठीवरच्या पिशवीवरून मी धरून चालले होते की हा पायी फिरणारा. विचारलं नाही. पाहुण्याला, तू कसा आलास, कुठे चाललास, असं खोदून विचारत नाहीत. आणि विचारलं असतं तरी काय? पाहुण्याला काम सांगायचं? तिनं जीव गेला तरी सांगितलं नसतं.

"वहीत लिहिलंस ना, मिसाफिर म्हणजे पाहुणा?" मी म्हणाले. "खोड ते. मिसाफिर म्हणजे ज्याला घरातलं दुःख कळता कामा नये तो. घरात प्रेत असलं तरी त्याला चहा गरम मिळायला हवा, आणि जाताना त्यानं म्हणायला हवं, किती सुखी माणसं आहेत. ते तुला जमलं होतं."

तो रडायला लागला. मोठा माणूस, माझ्या दारात, चॉकलेटची पेटी छातीशी धरून. "मला त्यांची माफी मागायचीय."

"नाही," मी म्हणाले. "अजिबात नाही. फोटो दे, सांत्वनाचे दोन शब्द बोल, जा. तुला कळलंय हे तिला कळू देऊ नकोस."

"मी असं नाही करू शकत. ते खोटं होईल."

त्यांच्याकडे तसंच असतं. मनातलं बाहेर काढलं की त्यांना हलकं वाटतं, ते कोणाच्या अंगावर पडतंय ते बघत नाहीत. पण त्याला का बोलू? माझंही तेच झालं होतं. मला ते ओझं एकटीला झेपेना, म्हणून मी त्याच्या अंगावर टाकलं होतं.

मी त्याच्यामागे धावले. तो बायकांमधून वाट काढत आत गेला, सिदिका अब्लापुढे गुडघ्यांवर बसला आणि माझ्याकडून नुकतंच ऐकलेलं वाक्य मोडक्यातोडक्या उच्चारात म्हणाला. तुमचा माझ्यावरचा हक्क हलाल करा.

सिदिका अब्लानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. क्षणभरही थांबली नाही. "हलाल असो, बाळा. आईच्या दुधासारखा हलाल असो. तुझा काय दोष? तू पाहुणा होतास." आणि शेजारणीला म्हणाली, "त्याला चहा द्या. साखर दोन खडे घेतो तो."

तो गेल्यावर, बायका उठून गेल्यावर, तिनं मला थांबवलं. वाटलं, रडेल, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तू सांगितलंस," ती म्हणाली.

"अब्ला, तो हसत होता गं. माझ्यानं राहवलं नाही."

"हसत होता ना? तेवढ्यासाठीच तर बसले होते मी. नेफिसेला दारातून दुःख घेऊन पाठवलं होतं. म्हटलं, एक तरी माणूस या दारातून सुखानं जाईल. बहीण घालवली आणि त्याला सुखानं पाठवला." तिनं ऍप्रनचं टोक दुमडलं, परत उलगडलं. "तेही तू राहू दिलं नाहीस."

बसा म्हणाली ते मी शब्दाला शब्द लावून सांगितलं होतं, हे तिला अजून माहीत नाही. तिला वाटतं, तो आपणहून बसला. ते सांगून तिच्याकडून हलाल मागायला हवं. ती सत्त्याहत्तरची, मी बहात्तरची. कोण आधी जाईल सांगता येत नाही. महिना झाला, रोज ठरवते.

तिनं बोलणं टाकलं नाही. टाकलं असतं तर भांडून मिटवलं असतं. अठरा वर्षं मी तिच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून चहा प्यायले, माझा पेला मीच भरून घेतला, तिच्या गुडघ्यांचं, सुनांचं, झोप न येण्याचं सगळं गाऱ्हाणं ऐकलं. आता मी गेले की ती पाहुण्यांची खोली उघडते. नव्या सपाता पुढे करते, तळव्यांवर कोलोन ओतते, मला "दुर्दाने हानिम" म्हणते, परक्या बाईला बाईसाहेब म्हणावं तसं. रात्रभर भिंतीतून तिचं रडणं ऐकू आलेलं असतं. मी विचारते, "अब्ला, कशी आहेस?" ती माझा पेला भरते आणि म्हणते, "अल्लाची कृपा आहे. अगदी छान आहे. तुम्ही पोळी घ्या ना, काहीच खाल्लं नाहीत."